कॉलेजच्या वाय-फायवर गाणी अडतात तेव्हा

आधी खात्री कर की अडथळा वाय-फायचाच आहे. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच गाणं लाव. लागलं, तर अ‍ॅप ठीक आहे आणि बहुधा कॉलेजच्या फायरवॉलने ते रोखलंय. अशा वेळी व्हीपीएन टाकू नकोस. लॉगिन तुझ्या नावावर असतं, आणि बंदी चुकवणं बहुतेक कॉलेजांत नियमभंगच ठरतं.

सरळ उपाय म्हणजे घरच्या वाय-फायवर गाणी आधीच डाउनलोड करून ठेवणं. स्पॉटिफायवर त्यासाठी डाउनलोडची सोय असलेला प्रीमियम प्लॅन लागतो, आणि 30 दिवसांतून एकदा तरी अ‍ॅप ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर डाउनलोड निघून जातात. इथे बरेच जण अडकतात: गाणी फोनमध्ये असूनही कॉलेजात अ‍ॅप नुसतं फिरत राहतं. वाय-फाय जोडलेलं दिसतं, म्हणून अ‍ॅप सर्व्हरची वाट बघत बसतं. सेटिंग्जमध्ये ऑफलाइन मोड चालू कर.

प्रीमियम नसेल तर स्वतःचा डेटा वापर, तो वाटतो तितका जात नाही. गाण्याची क्वालिटी 96 केबीपीएस ठेवली तर तासाला साधारण 43 एमबी लागतात. कल्याणहून सीएसएमटीला जाऊन-येऊन तीन तास ऐकलंस तरी 130 एमबीच्या आसपास. 320 केबीपीएसला मात्र तेच 430 एमबी होतील. लोकलच्या खडखडाटात तो फरक कानाला कळतही नाही, तेव्हा क्वालिटी कमीच ठेव.

अभ्यासक्रमासाठीच गाणी लागत असतील, तर विभागप्रमुखांच्या सहीने सिस्टिम अ‍ॅडमिनकडे अर्ज दे.