‘इन्फॉर्म टू मी’मधला टू कुठून येतो?

‘ऑफिसच्या मेलमध्ये इन्फॉर्म टू मी आणि रिक्वेस्ट टू यू चुकीचं का? एक्सप्लेन टू मी मात्र बरोबर कसं?’

हा टू आपल्या ‘ला’मधून येतो. ‘साहेबांना भेटलो’ आणि ‘साहेबांना फाईल दिली’ यांत ‘ना’ एकच, कोल्हापुरी बोलीत ‘साहेबास्नी’ म्हटलं तरी तेच. इंग्रजीत मात्र मीट, इन्फॉर्म, रिक्वेस्ट, आस्क, टेल, कॉन्टॅक्ट यांना माणूस थेट चिकटतो. एक्सप्लेन, से, रिप्लाय यांना माणसापर्यंत जायला टू लागतो.

ओळखायचं कसं? माणसाला वाक्याच्या सुरुवातीला आणून कर्मणी प्रयोग करून बघा. ‘आय वॉज इन्फॉर्म्ड’, ‘यू आर रिक्वेस्टेड’ ही वाक्यं सहज जमतात, म्हणजे टू नको. ‘आय वॉज एक्सप्लेन्ड’ जमत नाही, म्हणजे टू हवा. गिव्ह, सेंड यांसारखी क्रियापदं या परीक्षेत बसतात, पण त्यांना टू चालतोसुद्धा: ‘सेंड मी द बिल’ आणि ‘सेंड द बिल टू मी’ दोन्ही बरोबर. तेवढा अपवाद लक्षात ठेवा.

रिक्वेस्टचा घोळ जास्त होतो, कारण ते नामही आहे. आपण ‘विनंती करतो’ म्हणतो, त्यात विनंती हे नामच. ‘माय रिक्वेस्ट टू यू इज...’ हे अगदी शुद्ध आहे. ‘आय रिक्वेस्ट टू यू’ मात्र नाही, कारण तिथे रिक्वेस्ट क्रियापद झालं.

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीला जाणारा मेल घ्या: ‘आय रिक्वेस्ट टू यू टू इन्फॉर्म टू मी द डिस्पॅच डेट.’ यात तीन टू आहेत. पहिला आणि तिसरा माणसाच्या आधी आलेत, ते काढा. मधला टू ‘इन्फॉर्म’ या क्रियापदाचा, तो राहू द्या. सगळे टू सरसकट खोडले तर हाही जातो आणि वाक्य नव्याने मोडतं.

एवढं करून उरतं ‘इन्फॉर्म मी द डिस्पॅच डेट’, आणि इथेच बरेच जण थांबतात. इन्फॉर्मला माणूस थेट चालतो, पण माहितीच्या आधी ऑफ किंवा अबाउट लागतो. म्हणून ‘आय रिक्वेस्ट यू टू इन्फॉर्म मी ऑफ द डिस्पॅच डेट.’ व्याकरण चोख, पण सरकारी पत्रासारखं जड. रोजच्या मेलला ‘प्लीज लेट मी नो द डिस्पॅच डेट’ पुरतं. त्यात ऑफही नको.

याच घरातली उलटी चूक म्हणजे ‘आय इन्फॉर्म्ड द ब्रेकडाउन टू द हेड ऑफिस’. बिघाडाला कोण काय कळवणार? इन्फॉर्मच्या लगेच नंतर माणूस किंवा ऑफिसच यायला हवं. बिघाड आधी लिहायचा असेल तर क्रियापद बदला: ‘आय रिपोर्टेड द ब्रेकडाउन टू द हेड ऑफिस.’ इथला टू मात्र हवाच.