एकूण वाढ चालते, एकूण विकृती का नाही?

प्रश्न : फोटो जोडला आहे. अर्धा जाड, अर्धा बारीक असा पायरीदार दांडा ओढल्यावर एकूण किती वाढतो, असा प्रश्न आहे. पुस्तकात स्ट्रेसला प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती म्हटलंय, आमचे सर दोन्हींना ताणच म्हणतात. मी दोन्ही भागांच्या विकृती मिळवून एकूण लांबीने गुणलं, उत्तर चुकलं. शब्दांचा घोळ आहे की गणिताचा?

उत्तर : घोळ शब्दापासून सुरू झाला आणि गणितात उतरला.

आपल्याकडे ताण म्हणजे ओढ. केळीचा घड टांगायला जाड दोराच्या टोकाला बारीक सुतळी बांधली, तर दोर काय नि सुतळी काय, ओढ दोघांनाही त्या घडाचीच (दोराचं स्वतःचं वजन सोडून द्या). तरी तुटली तर सुतळीच तुटते, कारण तेवढीच ओढ तिच्यात कमी जागेवर पडते. प्रतिबल हे त्या जागेच्या हिशेबाचं नाव. 'प्रति' म्हणजे ओढीला आतून केलेला विरोध. पण 'दर चौरस मिलिमीटरला' हे शब्दात कुठेच दिसत नाही, ही मला या संज्ञेची उणीव वाटते. विकृती या शब्दाला वर्गात हसू फुटतं, पण वि-कृती म्हणजे आकारातला बदल, आणि इथे मूळ लांबीच्या मानाने झालेला बदल. म्हणून तिला एकक नाही.

तुमच्या फोटोतला पोलादी दांडा घेऊ. ओढ 40 kN, म्हणजे 40,000 N. जाड भाग 400 mm लांब, छेद 400 mm². बारीक भाग 300 mm लांब, छेद 200 mm². पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक E = 2×10⁵ N/mm². प्रतिबल जाड भागात 100 आणि बारीक भागात 200 N/mm². प्रतिबलाला E ने भागलं की विकृती मिळते, अनुक्रमे 0.0005 आणि 0.001. आता प्रत्येक विकृतीला तिच्या स्वतःच्या भागाच्या लांबीने गुणा : 0.2 mm आणि 0.3 mm. एकूण वाढ 0.5 mm.

तुम्ही 0.0015 ला 700 ने गुणलंत, म्हणून 1.05 mm आलं. वाढ ही लांबी आहे, लांबीला लांबी जोडता येते. विकृती हे प्रमाण आहे. जळगावच्या शेतात एकरी उतारा वेगळा नि भुसावळच्या शेतात वेगळा, म्हणून दोन्ही उतारे मिळवून एकूण एकरांनी गुणत नाही. 'एकूण' हे विशेषण फक्त वाढीला लावा.

दोन प्रतिबलांची सरासरी 150 काढून तीच पूर्ण दांड्याला लावली, तर 0.525 mm येतं. ही चूक जास्त फसवी, कारण खऱ्या उत्तराच्या इतकी जवळ असते की आकडा बघून शंका येत नाही. दोन्ही भाग सारख्या लांबीचे असते, तर ती चूक दिसलीच नसती.

एक टीप : टर्नर ज्याला शोल्डर म्हणतो त्या पायरीच्या कोपऱ्यात प्रतिबल 200 च्याही वर चढतं. ओढीला छेदाने भागण्याचा हा हिशेब त्या कोपऱ्याबद्दल काही सांगत नाही, म्हणूनच लेथवर तिथे गोलाई देतात.