इन्सुलिन घेऊन घरी जाणाऱ्या, वाचता न येणाऱ्या रुग्णाचं सुट्टीचं कार्ड

प्रश्न : नागपुरातल्या एका रुग्णालयात सुट्टीच्या वेळी रुग्णांना कागद समजावून सांगायचं काम माझ्याकडे आहे. बऱ्याच जणांना वाचता येत नाही. सोपं करायला गेलं की डोस किंवा धोक्याची खूण गळून जाईल अशी भीती वाटते. काय सोपं करायचं आणि काय जसंच्या तसं ठेवायचं?

उत्तर :

सगळी औषधं एकदम घेतली तर गोंधळ होईल, म्हणून मी एकच उदाहरण घेऊन सांगते. ते इन्सुलिनचं आहे, कारण तिथे आकडा चुकला तर ते जीवावर बेतू शकतं.

समजा काटोलकडच्या एका आजी पायाच्या जखमेसाठी भरती होत्या आणि पहिल्यांदाच इन्सुलिन घेऊन घरी चालल्या आहेत. त्यांच्या कागदावर असं असतं : इंजेक्शन ह्यूमन इन्सुलिन ३०/७०, १६-०-१० युनिट, जेवणाआधी ३० मिनिटं, टॅब्लेट मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ बीडी पीसी, १४ दिवसांनी ओपीडी, हायपो झाल्यास एसओएस. डॉक्टरला यात सगळं मिळतं : सकाळी १६ आणि संध्याकाळी १० युनिट, गोळी दिवसातून दोनदा जेवणानंतर, आणि हायपो म्हणजे शुगर फार उतरली तर गरजेप्रमाणे दाखवणं. आजींच्या सुनेला मात्र यातला पहिला ठळक आकडा दिसतो तो ३०, आणि तो डोस नाहीच, ते औषधाच्या मिश्रणाचं प्रमाण आहे. म्हणून कार्डावर ३०/७० बाटलीच्या नावाशेजारी बारीक अक्षरात ठेवा आणि डोसच्या चौकटीत डोसशिवाय दुसरा कुठलाही आकडा येऊ देऊ नका.

जसंच्या तसं ठेवायचं ते एवढंच : औषधाचं नाव, युनिटचा आकडा, वेळ, आणि कोणती खूण दिसली की काय करायचं. बाकी सगळी भाषा मोकळेपणाने बदला. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी ‘यू’ हे एकच अक्षर आकड्याला चिकटून लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि १६ चे १६० वाचले जातात. डोसचा आकडा मात्र इंग्रजी अंकांत लिहा, कारण सिरिंजवर तेच छापलेले असतात. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांनाही नोटा आणि मोबाईलमुळे इंग्रजी अंक बहुधा ओळखू येतात. देवनागरी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा. संध्याकाळचा १० कार्डावर पाहून सुई भरणारी व्यक्ती सिरिंजवर 90 शोधत बसते.

आता सिरिंजकडे लक्ष द्या, खरा धोका तिथे आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलीचं असतं आणि त्याची सिरिंज ४० ची, लाल टोपणाची. १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. दोन्ही मेडिकल स्टोअरमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. आजींच्या सुनेने ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज घेऊन 16 च्या रेघेपर्यंत भरलं तर औषध येतं ०.१६ मिली, म्हणजे फक्त ६.४ युनिट. शुगर उतरत नाही, जखम भरत नाही आणि पुढच्या वेळी डॉक्टर डोस वाढवतात. उलट झालं, म्हणजे १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर 16 च्या रेघेवर थेट ४० युनिट जातात. ही चूक जीवावर बेतू शकते. म्हणून कार्डावर लाल टोपणाच्या सिरिंजचं चित्र काढा, 16 पर्यंतचा भाग रंगवा आणि खाली लिहा : ‘बाटलीवर 40, सिरिंजवर 40. दोन्हीकडे 40 दिसलं तरच भरा.’ चित्र हातातल्या सिरिंजएवढंच असू द्या, म्हणजे सिरिंज त्यावर ठेवून ताडून पाहता येते. टोपणाच्या रंगावर एकट्यावर विसंबू नका, छापलेला 40 बोट ठेवून दाखवायला लावा.

गोळीच्या रंगावर किंवा आकारावर तर अजिबात विसंबू नका. ‘पांढरी मोठी गोळी’ असं लिहिलं आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली की कार्ड खोटं ठरतं. मेटफॉर्मिनचं नाव आणि 500 हा आकडा मोठ्या अक्षरात ठेवा, म्हणजे दुकानदाराला तरी दाखवता येतो. शेजारी भरलेल्या ताटाचं चित्र आणि दोन वेळा एकेक गोळी.

वेळेच्या बाबतीत ‘नाश्त्याआधी अर्धा तास’ हे वाक्य साधं वाटतं, पण आपल्याकडच्या खेड्यात ते फसतं. अनेक घरांत नाश्ता नावाची गोष्टच नसते. सहाला चहा होतो आणि पहिली भाकर नऊ-दहाला, तीही कधी वावरात. बाई सहाला सुई टोचून घेतात आणि साडेनऊला धुऱ्यावर कोसळतात. म्हणून लिहायच्या आधी विचारा : ‘आजी, पोटभर पहिलं जेवण कधी होते? संध्याकाळचं कधी?’ जे उत्तर मिळेल त्यावर वेळ बांधा. माझ्या मते घड्याळापेक्षा चूल बरी : ‘भाजी झाली, आता भाकरी टाकायच्या, तेव्हा सुई. अर्ध्या तासात जेवायला बसायचं. घरात खायला तयार नसेल तर सुई भरायचीच नाही.’ उपवासाचंही सुट्टीआधीच विचारा. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, रोजा, जे असेल ते डॉक्टरांना सांगून त्या दिवसाचा डोस त्यांच्याकडूनच लिहून घ्या. उलटी होऊन जेवण पोटात ठरत नसेल त्या दिवसाचाही. हे दोन डोस कार्ड बनवणाऱ्याने मनाने ठरवायचे नाहीत.

इन्सुलिन ३०/७० गढूळ असतं. बाटली दोन्ही तळहातांत वीसेक वेळा घोळवायची, गदागदा हलवायची नाही, आणि दुधासारखी एकसारखी दिसली की भरायची. गुठळ्या राहिल्या तर ती बाटली वापरायची नाही.

नागपूरच्या मे महिन्यात फ्रिज नसलेल्या घरात बाटलीसाठी ओलं मडकं चालतं. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत वाळू, वाळूवर रोज पाणी आणि बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आतल्या मडक्यात. कोरड्या हवेत हे चांगलं थंड राहतं. पावसाळ्यात हवा ओली असल्याने थंडावा कमी होतो, पण तेव्हा उन्हाळाही तेवढा नसतो.

धोक्याच्या खुणांकडे येऊ. ‘त्रास वाटल्यास दाखवावे’ ही ओळ कार्डावरून काढूनच टाका. त्यात त्रास कोणता, किती आणि कोणाला दाखवायचा, काहीच नाही. ‘शुगर कमी होणे’ यालाही रूप द्या : थंड घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, अचानक कडकडून भूक, मग बडबड किंवा भलतंच बोलणं. इथे नागपुरात एक अडचण आहे. मे महिन्यात घाम आणि चक्कर आली की सगळे म्हणतात लू लागली, आणि कांद्याचा रस नाहीतर कैरीचं पन्हं शोधायला धावतात. म्हणून लिहा : ‘सावलीत बसूनही घाम आणि थरथर असेल तर आधी साखर.’ शंका असली तरी साखर द्यायची, कारण शुगर कमी नसेल तर एका पुडीने बिघडत नाही, आणि असेल तर वाट पाहणं महागात पडतं.

साखर किती, हेही नेमकं हवं. घराघरातले चमचे वेगळे असतात, म्हणून वॉर्डातच काट्यावर १५ ग्रॅम साखर मोजून पाच-सहा पुड्या बांधून द्या. एक पुडी अर्ध्या पेल्यापेक्षा कमी पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटं थांबायचं, थरथर गेली नाही तर दुसरी पुडी, आणि बरं वाटलं की लगेच जेवण. मीटर असेल तर ७० च्या खालचा आकडा म्हणजे पुडी. दुधाने आणि बिस्किटांनी उशीर होतो, शुगरफ्री गोळीचा काहीच उपयोग नाही. एक पुडी पदराला, एक वावरात नेण्याच्या डब्यात.

दुसरा रकाना वेगळ्या रंगात करा : ‘आजच दवाखाना’. त्यात दोनच गोष्टी. उलट्या होऊन पाणीसुद्धा पोटात राहत नाही. जखमेला वास, काळपट कडा, लाली वर चढणं किंवा थंडी वाजून ताप. आणि सगळ्यात वर, एकटी ओळ : ‘बेशुद्ध, गिळता येत नाही : तोंडात काहीही टाकायचं नाही, 108 लावा.’ ही ओळ साखरेच्या ओळीपासून लांब ठेवा. जवळ ठेवली की लोक बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओततात, ते श्वासनलिकेत जातं.

मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांत छिंदवाडा, बालाघाटहूनही रुग्ण येतात. त्यांच्यासाठी कार्ड हिंदीत लागतं. आकडे आणि चित्रं मात्र तीच ठेवा आणि भाषांतर झाल्यावर प्रत्येक आकडा मूळ केसपेपरशी दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून जुळवून घ्या. कार्ड लिहिणाऱ्यालाच तपासायला दिलं तर त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

कार्ड झालं म्हणजे काम झालं नाही. ‘समजलं ना?’ असं विचारलं की प्रत्येक जण मान हलवतो. त्याऐवजी सुनेच्या हातात सिरिंज आणि सलाईनची बाटली द्या : ‘ताई, उद्या सकाळची सुई भरून दाखवा.’ १६ आणि १० दोन्ही भरून घ्या, तीन वेळा. रेघ दिसत नसेल तर चष्मा नाहीतर दुसरी व्यक्ती शोधावी लागेल, आणि हे सुट्टीच्या आदल्या दिवशीच कळायला हवं. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष बिलात आणि बसच्या वेळेत असतं. मग विचारा : ‘आजीला दुपारी घाम सुटला, हात थरथरले, तर आधी काय कराल?’ उत्तर चुकलं तर कार्डातली ती ओळ बदला, नुसती पुन्हा वाचून दाखवू नका.

घरी डोस नीट जातो का, हे १४ दिवसांनी बाटलीच सांगते. रोजचे १६ आणि १० मिळून २६ युनिट, म्हणजे १४ दिवसांत ३६४. ४० च्या १० मिली बाटलीत ४०० असतात, तेव्हा बाटली तळाला गेलेली दिसली पाहिजे. ती निम्म्याहून जास्त भरलेली असेल तर १०० च्या सिरिंजने भरलं जात असण्याची शक्यता मोठी आहे, किंवा बऱ्याच सुया सुटत असतील. म्हणून कार्डाच्या शेवटच्या ओळीत लिहा : ‘पुढच्या वेळी बाटली, सिरिंज आणि हे कार्ड सोबत आणा.’ डॉक्टरांनी डोस बदलला तर जुना आकडा खोडून नवा लिहू नका. नवं कार्ड द्या आणि जुनं तिथेच, त्यांच्यासमोर फाडा.