एकर-गुंठ्यांची यादी चौरस मीटरमध्ये कशी करावी?

«आमच्या भावकीच्या सगळ्या गटांची एकच यादी करायचीय. जुन्या कागदांवर क्षेत्र २.१०, १.०४ असं एकर-गुंठ्यांत आहे. चौरस मीटर काढायला कितीने गुणू?»

गुंठ्याला १०१.१७१४१०५६ ने. पण २.१० ला थेट ४०४६.८६ ने गुणलंत तर यादी पहिल्याच ओळीत बिघडेल. तो दशांश अपूर्णांक नाही. टिंबाच्या अलीकडे एकर आणि पलीकडे गुंठे. २.१० म्हणजे २ एकर १० गुंठे, म्हणजे ९० गुंठे, म्हणजे ९१०५.४३ चौ.मी. कॅल्क्युलेटरवर २.१० गुणिले ४०४६.८६ केलं की ८४९८.४१ येतात. सहा गुंठे गायब, कारण ०.१ एकर म्हणजे चारच गुंठे होतात.

एक्सेल यात भरच घालतं. २.१० टाइप करा, ते २.१ करून ठेवतं. मग कागद समोर नसेल तर तो एक गुंठा होता की दहा, हे कुणालाच सांगता येत नाही. टिंबाऐवजी आडवी रेघ मारून २-१० लिहाल तर ते तारीख करून टाकतं. त्यामुळे एका रकान्यात क्षेत्र लिहायचंच नाही. A मध्ये गट नंबर, B मध्ये एकर, C मध्ये गुंठे, D मध्ये आणे (१६ आण्यांचा गुंठा), आणि E मध्ये हे सूत्र:

```
=ROUND((B2*40+C2+D2/16)*101.17141056,2)
```

दुसऱ्या कुणी केलेली यादी हातात आली असेल तर आधी टिंबापुढचे आकडे बघा. एकराचे गुंठे ४०, म्हणून तिथे ३९ च्या वर काही दिसता कामा नये. २.७५ दिसलं की समजायचं, करणाऱ्याने दशांश एकर लिहिलेत (२ एकर ३० गुंठे). मग त्याच यादीतलं २.३० सुद्धा बहुधा दशांशच, म्हणजे २ एकर १२ गुंठे. अशी यादी मूळ कागदाशी ताडल्याशिवाय वापरू नका.

आता दर गावात भेटणारं वाक्य: «गुंठा म्हणजे आरच की, शंभराने गुण!» ते म्हणणाऱ्यांशी मी बऱ्याचदा वाद घातलाय, आज लिहूनच टाकतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०० चौ.मी. फरक सव्वा टक्क्याच्या आतला, पण बेरजेत तो जमिनीएवढा होतो. तीन गट घ्या: २ एकर १० गुंठे, १ एकर ४ गुंठे, आणि ३७ गुंठे ८ आणे. त्यांचे अनुक्रमे ९१०५.४३, ४४५१.५४ आणि ३७९३.९३, बेरीज १७३५०.९० चौ.मी. शंभराने गुणणाऱ्याचे होतात १७१५०. दोनशे चौ.मी. कमी, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. «एवढ्याने काय होतंय» म्हणणाऱ्याच्याच वाटणीतून ते दोन गुंठे वजा करायला सांगा, मग बघा.

ताळा असा घ्या. वरच्या तिघांचे एकर वेगळे मिळवा, गुंठे वेगळे, आणे वेगळे: ३ एकर, ५१ गुंठे, ८ आणे. म्हणजे १७१.५ गुंठे, किंवा ४ एकर ११ गुंठे ८ आणे. १७१.५ ला एकदाच गुणा, १७३५०.९० आले पाहिजेत. लांब यादीत दोन्ही बेरजांत काही पैशांएवढा, म्हणजे दुसऱ्या दशांशातला फरक राहील. तो प्रत्येक ओळ पूर्णांकित केल्याचा, तो सोडून द्या. फरक सहाशे-सातशे असेल तर कुठल्या तरी ओळीत गुंठे चुकलेत, आणि फरकाला १०१.१७ ने भागलंत की किती गुंठे चुकले तेही कळतं.

हे सगळं फक्त जुन्या कागदांपुरतं. ज्या गटाच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आलंय, तिथे एकरावरून गुणाकार करू नका, सातबाऱ्याचाच आकडा घ्या. ०.९१.०५ म्हणजे ९१ आर ५ चौ.मी., एकूण ९१०५. तिथे ०.९१.०० असेल तर यादीत ९१००च जातील, तुमचा गुणाकार कितीही बरोबर असो. आणि पोटखराबा धरून क्षेत्र लिहिताय की सोडून, ते सगळ्या ओळींना एकसारखं ठेवा.