तुझ्या ड्राफ्टबद्दल, पाठवायच्या आधी

तू रात्री पाठवलेला ड्राफ्ट वाचला. तुझ्या टीममधल्या मुलीचे वडील गेलेत, तू मॅनेजर म्हणून पहिल्यांदाच असं काही लिहितेयस, आणि चुकीचं काही जाऊ नये म्हणून आधी मला दाखवलंस हे बरं केलंस. अजून पाठवला नसशील तर थांब थोडं, हे वाच आणि मग पाठव. तासाभराने काही बिघडत नाही, पण एकदा गेलेला मेसेज परत घेता येत नाही, आणि असे मेसेज लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत, चांगलेही आणि वाईटही.

तू लिहिलंयस, "आपल्या वडिलांच्या दुःखद निधनाची बातमी ऐकून आम्हा सर्वांना अतीव दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणास हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. काही मदत लागल्यास निःसंकोच कळवावे. आपण साधारण कधी रुजू होऊ शकाल तेही सवडीने कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे नियोजन करता येईल."

यात खोटं काहीच नाही. पण एक गोष्ट कर, तिच्या जागी बसून हे वाच, रात्रभर झोप नाही, घरात माणसं, फोन सारखा वाजतोय, आणि प्रत्येक वाक्यापाशी विचार की हे वाक्य मला काही काम लावतंय का? मला स्वतःला ही एकच कसोटी आजवर कामाला आलीय.

आता बघ. "काही मदत लागल्यास कळवावे" हे काम आहे. काय लागेल ते तिने शोधायचं, त्यातलं ऑफिसला सांगण्यासारखं कुठलं ते ठरवायचं, आणि मग संकोच गिळून मॅनेजरकडे मागायचं. कुणी मागत नाही गं. मी आजवर ज्यांना ज्यांना हे वाक्य लिहिलं त्यातल्या एकानेही कधी काही मागितलं नाही, आणि गरज नव्हती म्हणून नाही. "कधी रुजू व्हाल" हे तर सरळच काम आहे, त्यात "सवडीने" घातलंस तरी तिच्या डोक्यात तारीख फिरायला लागतेच. शेवटी "नियोजन करता येईल" आल्यामुळे वरचं सगळं दुःख नियोजनाची प्रस्तावना झाल्यासारखं वाटतं. तुझ्या मनात ते नव्हतं हे मला माहितीय, पण शेवटचं वाक्यच वाचणाऱ्याच्या मनात राहतं, म्हणून ते वाक्य आधी काढ.

दुसरं म्हणजे भाषा. तुम्ही रोज एकमेकींना अगं-तूगं करता, मग आजच ती "आपण" कशी झाली? दुःखाच्या वेळी आपण घाबरून छापील मराठीत शिरतो, अतीव, चिरशांती, मृतात्मा, आणि समोरच्याला नेमकं तेव्हाच लांब ढकलल्यासारखं होतं. रोज जशी बोलतेस तशीच लिही. आणि "ईश्वर, आत्मा" हे तिच्या घरी मानतात का हे तुला माहीत आहे का? माहीत असेल आणि तिलाही ते आपलं वाटत असेल तर ठेव, नाहीतर "खूप वाईट वाटलं" हे कुठल्याही घरात चालतं. "भावपूर्ण श्रद्धांजली" टीममधले बरेच जण टाकतील बघ, त्यात गैर काही नाही, पण श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात, आणि तुझा मेसेज मागे राहिलेल्या मुलीला आहे. तिच्याशी बोल.

मग लिहायचं काय? मी असं लिहिलं असतं. सुरुवातीला फक्त तिचं नाव, आणि मग:

"बाबा गेल्याचं काल कळलं. खूप वाईट वाटलं. मी त्यांना कधी भेटले नाही, पण दुपारी एकला त्यांचा फोन आला की तू मीटिंगमधूनही उठून जायचीस, ते सारखं आठवतंय. गुरुवारचा डेमो अमुक करतोय, क्लायंटला मी कळवलंय. रजेचा अर्ज वगैरे आत्ता काहीच करायचं नाही, ते मी एचआरशी बोलून घेतलंय. पुढच्या सोमवारी मी एक मेसेज करेन, तोवर कामाचं तुला कुणी काही विचारणार नाही. याला उत्तर द्यायची गरज नाही."

अमुकच्या जागी खरं नाव घाल, नाव असलं की तिला कळतं की काम खरंच कुणाच्यातरी हातात गेलंय. फोनची आठवण मी तू मागे एकदा सांगितलं होतंस त्यावरून घेतली, तुझ्याकडे याहून बरी असेल तर ती घाल, पण एकच, आणि तू स्वतः पाहिलेली. ते किती प्रेमळ होते, देवमाणूस होते असं आपल्या मनाने लिहू नकोस. घराघरात काय असतं आपल्याला माहीत नसतं. वडिलांशी वर्षानुवर्षं बोलणं नसलेल्या माणसाला "त्यांचं तुझ्यावर किती प्रेम होतं" असा मेसेज आला तर तो काय करणार? आठवण नसेल तर नाहीच लिहायची, दोन ओळींचा मेसेज कोरडा नसतो.

काय झालं, कसं झालं, आजारी होते का, हेही विचारू नकोस. तिने आतापर्यंत ते वीस जणांना सांगितलं असेल. "वय झालं होतं", "सुटले बिचारे", "आता तूच आईला सांभाळायचंस", ही वाक्यं बोलताना समजुतीची वाटतात, लिहिल्यावर फार टोचतात. सुटले हे घरच्यांनी म्हणायचं असतं, आपण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या मेसेजमध्ये तू तिला शब्द देतेयस की कामाचं कुणी विचारणार नाही. तो पाळायची तयारी मेसेज पाठवायच्या आधी झालेली हवी. मी एकदा हे उलटं केलं होतं. फार जीव ओतून मेसेज लिहिला होता, निवांत रहा, कामाची काळजी नको, आणि त्या माणसाला पुढच्या चार दिवसांत टाइमशीट भरली नाही म्हणून सिस्टीमचे चार रिमाइंडर गेले, शेवटच्यात मी स्वतः सीसीमध्ये होते. त्याच्या आईला जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. तो काही बोलला नाही. बऱ्याच महिन्यांनी बोलता बोलता म्हणाला की तुमचा मेसेज छान होता, पण मला तो रिमाइंडर जास्त लक्षात राहिला. मला ते अजून लागतं.

म्हणून आधी एचआरला फोन कर, जवळचं माणूस गेल्यावर किती दिवसांची रजा मिळते आणि अर्ज तिच्या वतीने तू टाकू शकतेस का ते विचार. काही ठिकाणी या रजेत आई-वडील, नवरा-बायको, मुलं एवढीच नाती धरतात, आजी किंवा मामा धरत नाहीत. इथे वडील आहेत म्हणून प्रश्न येणार नाही, पण उद्या कुणाची वाढवणारी आजी गेली तर नियमात बसत नाही म्हणून दुःख कमी धरू नकोस, दुसऱ्या रजेतून दिवस काढून दे. मग तिच्या नावावर अडकलेली अप्रूव्हल्स दुसऱ्याकडे वळव, ऑन-कॉलमधून नाव काढ, टाइमशीटचे रिमाइंडर थांबव, या दोन आठवड्यांतली तिची मीटिंगची आमंत्रणं काढून टाक. अर्ध्या तासाचं काम आहे सगळं. हे झाल्यावर मेसेज पाठव, आणि तिच्या स्वतःच्या फोनवर पाठव, ऑफिसच्या मेलवर नको. तो वाचायला तिला ऑफिसचा इनबॉक्स उघडावा लागला तर बाकीचं सगळं काम दिसणारच.

टीमचं वेगळं बघ. तुझा मेसेज आणि टीमचा मेसेज एकत्र करू नकोस, कारण तुझ्या मेसेजमध्ये रजा आणि काम आहे, त्यांच्यात फक्त माणसं असायला हवीत. आधी तिला किंवा बातमी जिने कळवली त्या मैत्रिणीला एका ओळीत विचार की टीमला सांगितलं तर चालेल ना. टीमला एवढंच सांग की तिचे वडील गेले, ती रजेवर आहे, तिची कामं कुणाकडे आहेत. कारण वगैरे तुला कळलं असलं तरी तुझ्यापाशीच ठेव. बाहेरच्या लोकांना, क्लायंटला वगैरे, "घरगुती कारणामुळे रजेवर" बास.

आणि ती जिथे आहे त्या ग्रुपवर हे टाकू नकोस. एकाने लिहिलं की चौदा जण लिहितात, हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते, आणि तिला प्रत्येकाला उत्तर द्यावंसं वाटतं किंवा देता आलं नाही म्हणून अपराधी वाटतं. त्यापेक्षा एक कागद फिरवा, साधं कार्ड घ्या, किंवा एकाने सगळ्यांच्या ओळी गोळा करून एकच मेसेज पाठवा, दोन-तीन दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर. खाली "टीम" असं लिहू नका, सगळ्यांची नावं लिहा. जो तिच्याबरोबर तीन वर्षं बसलाय तो दोन ओळी लिहील, जो मागच्या महिन्यात आलाय तो नुसतं नाव लिहील, चालतं. कुणावर जबरदस्ती नको, एखाद्याच्या घरी नुकतंच असं काही झालेलं असतं आणि त्याला ते लिहवत नाही.

सोमवारचा मेसेज मात्र विसरू नकोस, आत्ताच स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाक. तो असा पाठव, "आज म्हटल्याप्रमाणे मेसेज करतेय. डेमो नीट झाला. रजा शुक्रवारपर्यंत लावलीय, अजून हवी असेल तर नुसतं 'हो' लिही, बाकी मी बघते." यात विचारलंयस खरं, पण उत्तर एका शब्दाचं आहे, आणि रजा किती उरलीय हे तिला शोधावं लागत नाही. तेवढंही आलं नाही तर मागे लागू नकोस, एक दिवस थांबून त्या मैत्रिणीला विचार.

आणि ती परत येईल त्या दिवशी सकाळी पहिला अर्धा तास तिच्या नावावर काहीच लावू नकोस, टीमला सांगून ठेव की सगळ्यांनी एकदम जाऊन भेटायचं नाही. तू जा, कशी आहेस विचारू नकोस, तिचं काम कुठपर्यंत आलंय ते सांग, आणि म्हण की मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं तर जा, कुणाला सांगायची गरज नाही. दुपारी एकच्या सुमारास तिची मीटिंग असेल तर ती दुसऱ्या वेळेला हलव.