लाट मंदावते, पाणी मात्र धावू लागतं

"मुलगी अकरावीत आहे. त्सुनामी खोल समुद्रात विमानासारखी जाते आणि किनाऱ्याजवळ मंदावून उंच होते, असं तिने वाचलं. वेग गेला म्हणजे जोरही गेला, मग नासधूस कशी होते? 'गेलेल्या वेगाचीच उंची होते' असं मी सांगितलं, तिला ते पटलं नाही. कुणी नीट समजावेल का? (मांजलपूर, बडोदा)"

तिला पटलं नाही ते बरंच झालं. मी इथे बडोद्यात बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, आणि सुरुवातीला हेच चुकीचं उत्तर मीही देत असे. घोटाळा 'वेग' या एका शब्दात आहे. लाटेचा वेग वेगळा आणि पाण्याचा वेगळा.

आधी लाटेचा बघू. फुगवटा पुढे सरकायचा तर पुढच्या जागी पाणी जमावं लागतं. खाली तीन किलोमीटर पाणी असेल तर तळापासून वरपर्यंत सगळं पाणी जरासं सरकलं तरी पुढे चटकन फुगवटा तयार होतो. थर पातळ असेल तर तेवढंच पाणी जमायला वेळ लागतो. म्हणून लाटेचा वेग c = √(g·h), इथे h म्हणजे खोली. हे फक्त खोलीच्या मानाने खूपच लांब लाटांना लागू पडतं. दोन शिखरांमधला वेळ 20 मिनिटं धरला, तर खोल समुद्रात त्सुनामीची लांबी दोनशे किलोमीटरच्या वर जाते. वाऱ्याने उठणाऱ्या साध्या लाटेला खोल समुद्रात तळाचा पत्ताही नसतो.

आता 26 डिसेंबर 2004 घ्या. बंगालच्या उपसागराची वाटेतली खोली ढोबळ 3200 मीटर धरू. 9.8 गुणिले 3200, त्याचं वर्गमूळ 177 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे 640 किलोमीटर. सुमात्राजवळच्या भूकंपकेंद्रापासून चेन्नई साधारण 2000 किलोमीटर, म्हणजे तीन तासांहून जास्त. पण भूकंप सकाळी 6:29 ला झाला आणि लाट चेन्नईला नऊच्या सुमारास, अडीच तासांतच पोचली. सूत्र चुकलं का? नाही, सुरुवातीची जागा चुकली. समुद्रतळ एका बिंदूवर नाही, तर उत्तरेला अंदमानपर्यंत हजार-बाराशे किलोमीटर फाटत गेला होता. निकोबारकडून अंतर मोजलं तर ते सुमारे 1400 किलोमीटर भरतं, म्हणजे सव्वादोन तासांच्या आत. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यातली रेंगाळ आणि तळ फाटत जायला लागलेली काही मिनिटं धरली की हिशेब जुळतो. नुसत्या केंद्रापासून वेळ काढली तर ती अशी फसते.

आता उंची. लाट 10 मीटर खोलीवर आली की वेग ताशी 36 किलोमीटर. पुढचा भाग मंदावला, मागचा अजून खोल पाण्यातून जोरात येतोय, त्यामुळे दोनशे किलोमीटरची लाट बारा किलोमीटरमध्ये आखडते. दर सेकंदाला मागून येणारी ऊर्जा मात्र जवळजवळ तेवढीच असते. ती वाहून नेणारी लाट हळू झाली, म्हणजे प्रत्येक मीटरवर जास्त ऊर्जा साठणार, आणि त्यासाठी उंची वाढावीच लागते. हिशेब केला की उंची खोलीच्या चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात निघते. याला ग्रीनचा नियम म्हणतात. खोली 320 पटीने घटली तर उंची सव्वाचार पट. त्या दिवशी उपग्रहाने खुल्या समुद्रात सुमारे 60 सेंटिमीटरचा फुगवटा मोजला होता. तेवढाच धरला तर 10 मीटर खोलीवर अडीच मीटर.

मुलीच्या शंकेचं खरं उत्तर पुढे आहे. पाण्याचा स्वतःचा वेग v = a·√(g/h), इथे a म्हणजे फुगवट्याची उंची. खोल समुद्रात तो भरतो सेकंदाला फक्त 3 सेंटिमीटर, मुंगीच्या चालीचा. होडीतल्या माणसाला कळतही नाही. 10 मीटर खोलीवर तोच सेकंदाला अडीच मीटर. लाट अठरा पट मंदावली, पाणी पंचाहत्तर पट वेगाने वाहू लागलं, तेही कित्येक मिनिटं एकाच दिशेला. घरं आणि गाड्या उचलते ती ही वाहणारी नदी. तिचा जोर ओसरलेला नसतो, उलट आताच सुरू झालेला असतो.

ग्रीनचा नियम अगदी काठापर्यंत ओढू नका. फुगवटा खोलीच्या तोडीचा झाला की लाट फुटते, तळाशी घासते, आणि सूत्र कोलमडतं. तळ एकदम उभा चढत असेल तर बरीच ऊर्जा परत फिरते. शिवाय खाडी अरुंद होत गेली तर उंची आणखी वाढते. रुंदी चौथाई झाली तर दुप्पट.

हे शेवटचं बघायला लांब जायला नको. एखाद्या रविवारी मुलीला कावी-कंबोईला न्या. भरती हीसुद्धा अशीच खूप लांब लाट आहे. खंभातच्या आखातात ती उथळ होत, आवळत येते, आणि तिथलं महादेवाचं देऊळ पाण्याखाली जातं. फक्त तिथे आखाताची लांबीही भरतीच्या तालाला साथ देते, त्यामुळे सगळं श्रेय ग्रीनला देऊ नका. भरतीची वेळ बघून जा, आणि पाणी चढू लागलं की वर या.