रेषेला रुंदी असते आणि ती ‘प्रसरण’ पावत नाही

प्रश्न : बीएस्सीच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘उष्णतेमुळे वर्णरेषा प्रसरण पावते’ असं वाक्य आहे. हे मराठी बरोबर आहे का? आणि सोडियमच्या पिवळ्या रेषेची अशी रुंदी तापमानावरून काढायची कशी? (कोल्हापूर)

नाही, बरोबर नाही. हे वाक्य एका जर्नलमधून दुसऱ्यात उतरत वर्षानुवर्षं चाललंय. प्रसरण पावतो तो तापवलेला लोखंडी गज, कारण त्याचे अणू एकमेकांपासून लांब सरकतात. वर्णरेषेत असं काही सरकत नाही. ‘रुंदीकरण’ही मला खटकतं. रुंदीकरण रस्त्याचं होतं, तेही महापालिकेनं मनावर घेतलं तर. रेषा कुणी न करता आपोआप रुंद होते, म्हणून साधं ‘रुंदावते’ म्हणा. रुंद हा आपला अस्सल प्राकृत शब्द आहे. त्याला ‘विस्तारण’सारखी संस्कृत झूल चढवायची गरज नाही.

घडतं ते असं. रंकाळ्याच्या रस्त्यावर एकाच सुराचे हॉर्न वाजवत शंभर रिक्षा धावताहेत असं समजा. तुमच्याकडे येणारीचा सूर किंचित चढा लागतो, लांब जाणारीचा किंचित उतरलेला. सगळे एकदम ऐकले की एका सुराऐवजी सुरांचा जाड पट्टा कानावर येतो. वायूतले अणू असेच सैरावैरा धावत प्रकाश टाकतात. प्रत्येक अणूची तरंगलांबी त्याच्या वेगाप्रमाणे सरकते, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरती अशी घंटेच्या आकाराची रेषा. डॉपलर रुंदावणं ते हेच. एकटा अणू कितीही तापवा, त्याची रेषा या कारणानं रुंद होणार नाही. वेगांची विविधता हवी.

आता खरी गंमत ‘रेषा’ या शब्दात आहे. भूमितीवाले पंडित म्हणतात, रेषेला लांबी असते, रुंदी नसते, म्हणून ‘रेषेची रुंदी’ हा वदतोव्याघात. त्यांनी प्रयोगशाळेत एकदा डोकवावं. न्यूटननं गाजलेल्या प्रयोगात खिडकीच्या झडपेला गोल भोक पाडलं होतं, त्यामुळे प्रत्येक रंगाची गोल प्रतिमा पडली आणि त्या एकमेकींवर चढल्या. १८०२ मध्ये वुलस्टननं भोकाऐवजी अरुंद फट वापरली, तेव्हा सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेघा दिसल्या. पुढं १८१४ पासून फ्राउनहोफरनं त्या शेकड्यांनी मोजल्या. म्हणजे रेषा ही अणूची नाहीच, ती फटीची प्रतिमा आहे! फट गोल असती तर आज आपण ‘वर्णठिपके’ म्हणत बसलो असतो, आणि फट चंद्रकोरीसारखी कापली तर प्रत्येक रेषा चंद्रकोर दिसेल. माझ्या मते या शास्त्राच्या भाषेतला सगळ्यात सुंदर अपघात हाच. भूमितीच्या रेषेत लांबीच खरी. इथं लांबी म्हणजे नुसती फटीची उंची, अणूबद्दल ती काही सांगत नाही. सांगते ती रुंदीच, आणि तीही सेंटिमीटरमध्ये नव्हे, तरंगलांबीच्या एककात मोजायची.

हिशेब मात्र सोपा आहे:

Δλ = 7.16 × 10⁻⁷ × λ × √(T/M)

Δλ म्हणजे रेषेची रुंदी, λ तिची तरंगलांबी, T तापमान केल्विनमध्ये, M म्हणजे अणुभार; λ ज्या एककात घ्याल त्यातच Δλ येईल. सोडियमचा अणुभार २३, रेषा ५८९ नॅनोमीटरची, आणि दिव्यातल्या वाफेचं तापमान ५०० केल्विन धरू. ५०० भागिले २३ म्हणजे सुमारे २१.७, त्याचं वर्गमूळ ४.६६. गुणाकार केला की ०.००१९७ नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ २ पिकोमीटर. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांमधलं अंतर सुमारे ६०० पिकोमीटर असतं, त्याच्या तीनशेव्या भागाइतकीच ही रुंदी.

चुका ठरलेल्या आहेत. ५०० केल्विनच्या जागी २२७ अंश सेल्सिअस घातले की उत्तर १.३२ पिकोमीटरवर येतं. त्याहून छुपी चूक वेगाची. पुस्तकातलं √(3kT/m) हे सूत्र तिन्ही दिशांचा वेग धरतं, आणि या सोडियमसाठी ते ७३७ मीटर प्रतिसेकंद देतं. पण डॉपलरला फक्त तुमच्या नजरेच्या दिशेतला वेग लागतो. तो √(kT/m), म्हणजे ४२५. तीनचं वर्गमूळ फुकट आत शिरलं की रुंदी पावणेदोन पट निघते आणि जर्नलवर सही होऊनही जाते.

‘अर्धरुंदी’ हा शब्दही त्याच गोंधळातला. अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी की त्या रुंदीचं अर्धं? काही पाठ्यपुस्तकं एकाच प्रकरणात दोन्ही अर्थांनी तो वापरतात आणि वर परिभाषेचा आग्रह धरतात. वरचं सूत्र अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी देतं, आणि तसंच सलग लिहावं, भले चार शब्द लागोत. रुंदीवरून उलट तापमान काढायला निघालात तर रुंदीचा वर्ग येतो. म्हणजे दुपटीचा घोळ तापमानात चौपट होऊन बसतो.

आणि प्रॅक्टिकलला दुर्बिणीतून दिसणारी जाडी मोजून तिला डॉपलर रुंदी म्हणू नका. ग्रेटिंगच्या १५,००० रेघांवर उजेड पडत असेल, तर पहिल्या क्रमात ते ५८९ ला १५,००० नं भागून येणाऱ्या ३९ पिकोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दाखवू शकत नाही. डॉपलर रुंदी २. ओळखायची खूण सोपी आहे: फट हळूहळू मिटत जा, रेषा बारीक होत गेली तर तुम्ही फटच मोजत होता. २ पिकोमीटर पाहायला फॅब्री-पेरो हा समोरासमोरच्या दोन आरशांचा व्यतिकरणमापक लागतो. तिथंही सोडियम दगा देतो. त्याच्या केंद्रकाच्या फिरकीमुळे प्रत्येक पिवळी रेषा मुळातच सुमारे २ पिकोमीटर अंतरावर दुभंगलेली असते, आणि दोन्ही भाग डॉपलरनं रुंदावून एकमेकांत मिसळतात. ती सगळी जाडी तापमानाच्या खात्यावर टाकली की वाफ आहे त्यापेक्षा खूपच तापलेली ठरते. वाफ दाट असली तर रेषेच्या मध्यावरचा प्रकाश बाहेरच्या थंड वाफेत शोषला जातो, माथा सपाट होतो किंवा खचतो, आणि अर्धी उंची नेमकी कुठं हेच कळेनासं होतं.

म्हणून १९६० साली मीटरची व्याख्या प्रकाशावर बांधायची ठरली तेव्हा सोडियम नव्हे, क्रिप्टॉन-८६ ची ६०५.७८ नॅनोमीटरची नारिंगी रेषा निवडली. अणू जड, आणि त्याच्या केंद्रकाला फिरकी नाही, म्हणून रेषा तशी दुभंगत नाही. दिवाही नायट्रोजनमध्ये ६३ केल्विनच्या आसपास गार ठेवायचा. ६३ भागिले ८६, वर्गमूळ ०.८५६. त्याच सूत्रानं रुंदी ०.३७ पिकोमीटर, सोडियमच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. १९८३ पर्यंत मीटर याच रेषेवर चालला.